दीडशे रुपयांची लीड मला कितीला पडली

पुण्यात मी फ्लॅटचं इंटिरियर करते. काम मंद होतं म्हणून एका एजन्सीला १८,००० रुपये दिले. बोली अशी की फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीतल्या फॉर्ममधून १२० ‘क्वालिफाइड’ लीड, म्हणजे खरंच काम करून घ्यायचंय अशांची नावं आणि नंबर, दीडशेला एक.

लीड मात्र धडाधड आल्या. आठवडाभर फोन करून घसा बसला. कुणी म्हणे, ‘मी फॉर्म भरलाच नाही’, कुणी भाड्याच्या घरात, कुणी थेट नागपुरात. साइट व्हिजिट झाल्या तीन, काम एकही नाही. वाकडच्या एका काकूंनी मात्र डोळे उघडले: ‘अहो मॅडम, सकाळपासून तुम्ही चौथ्या!’

तेव्हा फेसबुक-इन्स्टावर चालू असलेल्या जाहिराती जिथे दिसतात त्या Ad Library मध्ये शोधलं. ती कुणालाही उघडता येते, हे मला आधी माहीत नव्हतं. जाहिरात माझ्या पेजवर नव्हतीच, ‘होम इंटिरियर’छाप कुठल्यातरी पेजवर होती. कुणा तिसऱ्याच्याच हॉलचा फोटो, वर ‘फ्री थ्रीडी डिझाइन, आजच!’ फॉर्ममध्ये फक्त नाव आणि नंबर. ते प्रोफाइलवरून आपोआप भरलेले येतात, त्यामुळे बोट लागलं तरी लीड तयार. खालची प्रायव्हसी पॉलिसीची लिंक एजन्सीची. म्हणजे एकच नंबर चौघांना विकायची सोय. एजन्सीकडे जाहिरातीच्या अकाउंटचा अॅक्सेस मागितला, तर ‘पॉलिसीत बसत नाही’.

मग स्वतःच्या पेजवरून फॉर्म केला. प्रकार More volume नाही, Higher intent; त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लागते. मजकूर असा लिहिला:

‘पुणे-पिंपरीत टू किंवा थ्री बीएचकेचा ताबा मिळालाय, की तीन महिन्यांत मिळणार आहे? फ्लोअर प्लॅन घेऊन या. ४५ मिनिटांत कुठे किती खर्च येईल ते सांगते. भेट मोफत, थ्रीडी ड्रॉइंग मोफत नाही. पूर्ण घराचं काम ६ लाखांपासून.’

‘थ्रीडी मोफत नाही’ लिहिताना हात अडखळला होता, पण फुकट्यांना गाळलं ते त्याच वाक्यानं. पुढे प्रश्न चारच: घर कुठल्या भागात, ताबा कधी, बजेट किती (‘६ लाखांच्या आत’ हाही पर्याय ठेवला, नाहीतर लोक खोटं निवडतात), आणि शेवटचा हाताने लिहायचा: ‘सोसायटीचं नाव आणि सगळ्यात आधी कोणती खोली?’ तो आपोआप भरला जात नाही. ज्याला घर करायचंय तो लिहितोच. एकीने लिहिलं, ‘किचन. ओटा उजवीकडून डावीकडे घ्यायचाय, पाइपलाइन हलेल का?’ अशा बाईला फोन करताना ओळख करून द्यावी लागत नाही.

६,००० रुपयांत १४ लीड आल्या, म्हणजे एक साधारण ४३० ला. पाच व्हिजिट, दोन कामं. सगळ्या लीड त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवते; ९० दिवसांनी त्या फॉर्ममधून जातात.

एजन्सीला पैसे परत मागितले. उत्तर आलं: ‘१२० सांगितले होते, १२० दिले.’ काल पाहिलं, जाहिरात अजून चालू आहे. फक्त सोफ्याचा रंग बदललाय.