सात महिने स्वतःचंच बोलणं रेकॉर्ड करून ऐकतोय

सूत्रसंचालनाची हौस आहे, पण बोलताना 'म्हणजे, म्हणजे' फार येतं, ण चा न होतो आणि शिकवणारं जवळ कुणी नाही. म्हणून फोनमधला साधा रेकॉर्डर वापरायला लागलो. खर्च शून्य.

पहिला महिना वाया गेला, कारण मी वर्तमानपत्र वाचून रेकॉर्ड करायचो. वाचताना माणूस 'म्हणजे, म्हणजे' करत नाही, आणि ण समोर छापलेला असला की तोही नीट येतो. मग आयत्या वेळी चिठ्ठी उचलून त्या विषयावर २ मिनिटं बोलू लागलो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवायचा. अगदी समोर धरला की प आणि भ ला वाऱ्याचा फटका बसतो.

नुसतं ऐकून फार काही कळत नाही. 'हा काय माझा आवाज?' यातच लक्ष जातं. (एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून रेकॉर्डिंगमधला परका वाटतो.) खरा फरक पडला तो बोललेलं जसंच्या तसं, 'अं'सकट लिहून काढल्यावर. पोळ्यावरच्या २ मिनिटांत ३१२ शब्द निघाले, मिनिटाला १५६. बरं वाटलं. पण पहिल्या ३० सेकंदांतच ९२ शब्द होते. आधी धावायचं, मग धापा टाकायच्या. 'म्हणजे' १४ वेळा आलं, त्यातलं कामाचं ३ वेळा. उरलेली ११ बहुतेक वाक्य संपल्यावर, श्वास घ्यायच्या जागी. ते दाबायला गेलो तर त्याच जागी 'तर' येऊन बसलं! शेवटी वाक्य संपलं की ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायची सवय लावली. ती शांतता मला युगासारखी वाटायची. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेखावरची सपाट पट्टी मोजली तर जेमतेम ०.७ सेकंद. आता २ मिनिटांत फालतू 'म्हणजे' दोन-तीनदाच येतं.

उच्चारांचं मात्र अवघड. आम्ही वऱ्हाडातले, घरी 'पानी', 'कोन' म्हणतो आणि म्हणत राहणार. स्टेजवर ण हवा. मन-मण, तन-तण, खान-खाण, घन-घण यांच्या २० चिठ्ठ्या पिसून त्या क्रमाने वाचल्या, रेकॉर्ड केल्या आणि पाकिटात बंद केल्या. चार दिवसांनी ऐकून, जे ऐकू आलं तेच लिहिलं आणि पाकीट उघडलं. २० पैकी १३ जुळल्या. डोळे मिटून अंदाज ठोकले असते तरी दहाएक जुळल्या असत्या! आता १८ जुळतात.

तरी एक गोष्ट निसटलीच. पुण्याच्या मामेबहिणीला एक रेकॉर्डिंग पाठवलं, तर तिचा फोन आला, "दादा, घाईत बोलताना तू 'वेळ'चं 'वेय' करतोस." मी तीनदा ऐकलं. मला 'वेळ'च ऐकू येतं, कारण काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे. गाळ-गाय, माळ-माय, काळ-काय अशा चिठ्ठ्या आता कापून ठेवल्यात. या वेळी पाकीट तिच्याकडे पाठवणार आहे, ऐकून लिहायचं कामही तिचंच.