बॉक्स ब्रीदिंग की संथ श्वसन? नाडी घड्याळ पाहते, कार्बन डायऑक्साइड माप पाहतो

मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंटच्या प्रत्येक उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे दाखवणारा कॅप्नोग्राफ दिवसभर माझ्या नजरेसमोर असतो, आणि त्याच्या शेजारीच नाडीचा आलेख. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या टेक्निशियनला रात्रपाळीनंतर झोप लागत नाही. एकदा त्याने विचारलं, "सर, मोबाईलवर दोन व्यायाम सांगतात, एक बॉक्स ब्रीदिंगचा, दुसरा मिनिटाला सहा श्वासांचा. कोणता करू?" यादीतली एक केस रद्द झाली होती आणि हाताशी अर्धा तास होता. नाकाशी नळी लावून त्यालाच यंत्राला जोडलं.

आधी दोन्ही प्रकार नीट मांडतो. बॉक्स ब्रीदिंगमध्ये चार सेकंद श्वास आत, चार सेकंद थांबा, चार सेकंद बाहेर आणि पुन्हा चार सेकंद रिकाम्या छातीने थांबा. सोळा सेकंदांचं एक आवर्तन, म्हणजे मिनिटाला पावणेचार श्वास. अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंच्या नावाने ते जगभर पोचलं असलं तरी पूरक, आंतर कुंभक, रेचक आणि बाह्य कुंभक सारख्या मात्रांचे ठेवणं आपल्याकडे समवृत्ती म्हणून ओळखीचं आहे. संथ श्वसनात थांबा नाही. साधारण पाच सेकंद आत, पाच बाहेर. किंवा चार आत आणि सहा बाहेर. मिनिटाला सहा श्वास.

दोन्ही हळू, दोन्ही मोजून. मग फरक कुठे? माझ्या मते तो एका वाक्यात सांगता येतो: नाडी कशी हलेल हे श्वासाच्या वेळेवर ठरतं, तर कार्बन डायऑक्साइड किती राहील हे मिनिटाला एकूण किती हवा आत-बाहेर होते त्यावर. मोबाईलवरचा फुगणारा-आकसणारा गोळा फक्त वेळ सांगतो. माप कोणीच सांगत नाही, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

नाडीपासून सुरुवात करू. श्वास घेताना नाडी थोडी जलद होते, सोडताना संथावते. एरवी ही चढउतार चार-पाच ठोक्यांची असते, लक्षातही येत नाही. शरीरात आणखी एक यंत्रणा चालू असते. रक्तदाब वाढला की मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधल्या संवेदकांना ते कळतं आणि नाडी खाली आणली जाते; दाब उतरला की उलट. या दुरुस्तीचा पूर्ण परिणाम व्हायला सुमारे पाच सेकंद लागतात. म्हणून दहा सेकंदांचं आवर्तन ठेवलं की श्वासाचा धक्का आणि दाबाची दुरुस्ती एकमेकींच्या तालात येतात. झोपाळा परत येऊन क्षणभर थांबतो त्याच वेळी पायाने रेटा द्यावा, तसं. तरुण, निरोगी माणसाची नाडी मग एकेका श्वासात पंधरा-वीस ठोके वर-खाली होते. प्रत्येकाचा ताल थोडा वेगळा असतो, मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या मधे कुठेतरी. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लॅटिनमधली जपमाळ किंवा 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि दाब-नाडीचं हे नातं अधिक ठळक होतं. जप करणाऱ्यांनी सेकंद मोजले नव्हते.

यात एक गैरसमज हटकून होतो. लाट मोठी झाली म्हणजे सरासरी नाडी उतरली असं नाही. बहात्तरची नाडी बासष्ट आणि ब्याऐंशीच्या मधे झुलेल, पण सरासरी बहात्तरच्या आसपासच राहू शकते. स्मार्ट घड्याळात हृदयगतीच्या बदलशीलतेचा, म्हणजे ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं याचा, आकडा त्या दहा मिनिटांत उसळलेला दिसतो, तोही मुख्यतः या लाटेमुळे. सराव थांबवल्यावर तो पुन्हा खाली आला तर काही बिघडलं असं समजू नये. गंमत म्हणजे मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून नाडीतला फरक मोजणं ही डॉक्टरांची जुनी तपासणी आहे. जुन्या मधुमेहात हृदयाकडे जाणाऱ्या नसा खराब झाल्या आहेत का, ते यावरून बघतात. फरक पंधरा ठोक्यांहून जास्त असेल तर ठीक, दहाहून कमी असेल तर शंका. वयानुसार ही लाट लहान होतच जाते, त्यामुळे साठीच्या माणसाने मुलीच्या घड्याळाशी स्पर्धा करू नये.

बॉक्स ब्रीदिंगमध्ये सोळा सेकंदांचं आवर्तन या तालाच्या बाहेर पडतं. लाट येते, पण तिचा आकार ओबडधोबड असतो. श्वास घेताना नाडी चढते. छाती भरून थांबलो की दाबाची दुरुस्ती मधेच पोचते आणि नाडी उच्छ्वासाची वाट न बघता उतरू लागते. रिकामं थांबलो की पुन्हा हळूहळू वर. टेक्निशियनच्या आलेखावर संथ श्वसनात गुळगुळीत टेकड्या होत्या, तर बॉक्समध्ये खांदे असलेल्या, मधेच सपाट झालेल्या. थांब्यात एक चूक आलेख आणखी बिघडवते. काहीजण घसा आवळून, पोट घट्ट करून, जड गोणी उचलताना करतो तसा दम कोंडतात. त्याने छातीतला दाब वाढतो, रक्तदाब आणि नाडी वेड्यावाकड्या उड्या मारतात. थांबा म्हणजे फक्त हवा न हलवणं. घसा मोकळा, जीभ सैल, छाती तशीच उघडी. थांबलेले असताना केव्हाही एखादा शब्द बोलता यायला हवा.

आता कार्बन डायऑक्साइड. हे गणित एकदा कागदावर केलं की डोक्यात पक्कं बसतं. एरवी आपण मिनिटाला बारा श्वास घेतो, दर श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर हवा. त्यातली १५० मिलिलिटर नाक-घसा-श्वासनळीतच राहते, वायूंच्या देवघेवीला पोचत नाही. उरलेली ३५० गुणिले बारा, म्हणजे ४२०० मिलिलिटर. एवढ्या हवेने रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास टिकतो. श्वास सहावर आणले तर तोच हिशेब राखायला दर श्वासाला ८५० मिलिलिटर पुरतात. पण 'खोल श्वास घ्या' असं ऐकलेला माणूस दीड लिटर ओढतो. दीड लिटरमधून १५० वजा केले की १३५०, गुणिले सहा म्हणजे ८१००. फेफड्यांची धुलाई जवळजवळ दुप्पट! दाब निम्म्याच्या दिशेने घसरू लागतो. शरीरातला साठा मोठा असल्यामुळे लगेच तिथवर पोचत नाही एवढंच.

टेक्निशियनचं नेमकं हेच झालं. सुरुवातीला आकडा ३८ होता. छाती फुगवून संथ श्वसन करताना सातव्या मिनिटाला २९. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिरता आली, आणि तो म्हणाला, "डोकं हलकं वाटतंय, बहुतेक लागू पडतंय." लागू पडत नव्हतं. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त अधिक अल्कधर्मी होऊन नसा चटकन उत्तेजित होतात. त्याला वेग तोच ठेवायला सांगितलं, फक्त माप लहान: मोगऱ्याचा वास घेतो तेवढाच श्वास, आणि उच्छ्वास न ढकलता आपोआप जाऊ द्यायचा. चार-पाच मिनिटांत आकडा ३६ वर आला आणि मुंग्या गेल्या. नाडीच्या टेकड्या किंचित बुटक्या झाल्या, पण ताल तोच राहिला. एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण वरचं गणित सगळ्यांना लागू आहे.

बॉक्समध्ये काटा बहुधा उलट दिशेला झुकतो. पावणेचार श्वासांत ४२०० मिलिलिटरचा हिशेब जुळवायचा तर दर श्वास सुमारे १२७० मिलिलिटरचा हवा, नेहमीच्या अडीचपट, आणि तोही चार सेकंदांत. नवखा माणूस लिटरभर घेतो. मग पोचते सुमारे ३२०० मिलिलिटर आणि कार्बन डायऑक्साइड हळूहळू साठू लागतो. टेक्निशियनचा आकडा ४१ वर गेला आणि पाचव्या आवर्तनाला रिकाम्या थांब्यातून सुटताना त्याने हावरटासारखी हवा ओढली. "थांबल्याने वाढतो" असं लोक म्हणतात ते अर्धवट आहे. चार सेकंदांच्या एका थांब्याचा परिणाम अगदी किरकोळ. खरी वाढ मिनिटभराची एकूण हवा कमी पडल्याने होते. तुम्ही प्रत्येक वेळी दोन लिटर भरत असाल तर बॉक्समध्येही आकडा खालीच जाईल. कुंभकात हवेचं काय होतं हा प्रश्न जुनाच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली आणि प्राणायामातल्या वायूंची मोजमापं तिथे फार लवकर सुरू झाली.

दम कमी पडत असेल तर चौकोन लहान करावा. तीन-तीन-तीन-तीन केलं की आवर्तन बारा सेकंदांचं होतं, मिनिटाला पाच श्वास. म्हणजे थांबे ठेवूनही आपण संथ श्वसनाच्या तालात येतो आणि प्रत्येक श्वास लिटरभर असला तरी पुरतो. कमांडोंचा चारचा आकडा काही पवित्र नाही.

मग निवड कशी करायची? रोज दहा-पंधरा मिनिटं, महिनोन् महिने करायचं असेल, रक्तदाब-नाडीची दुरुस्ती हा हेतू असेल, तर मी संथ श्वसनच सांगतो. घाबरून छातीत धडधडणाऱ्यांनाही तेच, लहान मापात. कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला तरी ज्यांना गुदमरल्यासारखं होतं त्यांच्यात बॉक्सचा थांबाच घबराटीचा झटका आणू शकतो. गरोदर बाई, दम्याचा किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेला माणूस, ताब्यात नसलेला रक्तदाब: इथे थांबे नकोत. हृदय अनियमित धडकत असेल किंवा पेसमेकर असेल तर नाडीच्या लाटेवरून काहीच अंदाज बांधू नये.

बॉक्सचं बळ मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. चार कोपऱ्यांची मोजणी चुकू न देण्यात मन गुंतून जातं. तोंडी परीक्षेच्या दाराबाहेर, इंजेक्शनच्या आधी, दोन-तीन मिनिटांसाठी ते चांगलं. स्टॅनफर्डच्या २०२३ मधल्या एका अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे श्वासप्रकार केले. त्यात बॉक्सही होतं, पण मनःस्थिती सर्वांत जास्त सुधारली ती लांब उच्छ्वासाचे उसासे टाकणाऱ्या गटाची. अर्थात तो प्रकार म्हणजे मिनिटाला सहा श्वासांचं संथ श्वसन नव्हे. गाडी चालवताना किंवा पाण्यात असताना यातलं काहीच करू नये.

टेक्निशियनने संथ श्वसन घेतलं, चार आत, सहा बाहेर, अंथरुणावर आडवं पडून. आठवड्याने भेटला तेव्हा मी विचारलं, "मुंग्या?" म्हणाला, "पहिल्या दिवशी आल्या. मग नाकाखाली हात धरून बघितलं. हाताला हवा जोरात लागली की समजायचं, जास्त होतंय."