लांबलचक चॅटची पीडीएफ: स्क्रीनशॉट काढावेत की चॅट एक्स्पोर्ट करावी?

घराची दुरुस्ती सुरू असताना मालक आणि कंत्राटदार यांचं चार महिने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं आहे असं धरू. मधेमधे शंभरेक फोटो आहेत. शेवटचा हिशेब करताना हे सगळं एकाच पीडीएफमध्ये हवं आहे, आणि प्रत्येक फोटो ज्या निरोपासोबत आला त्याच्याच खाली हवा. अशा वेळी दोन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे वरून खाली सरकत स्क्रीनशॉट काढायचे आणि ते जोडून पीडीएफ करायची. पडद्यावर दिसतं तसंच कागदावर येतं. कोणत्या निरोपाला कोणतं उत्तर दिलं, कुणी अंगठा दाखवला, हेही टिकतं. पण फोटोंच्या बाबतीत ही वाट दगा देते. एकापाठोपाठ बरेच फोटो पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप त्यांची चौकट करून फक्त चार दाखवतं आणि शेवटच्यावर +5 असा आकडा टाकतं. स्क्रीनशॉटमध्ये ते मागचे फोटो येतच नाहीत. उभे फोटोही छाटलेले दिसतात, म्हणजे भिंतीवरची ओल नेमकी कडेला असेल तर ती गेली. शिवाय सगळं चित्ररूप असल्यामुळे पीडीएफमध्ये ‘पाइप’ हा शब्द शोधता येईलच असं नाही.

काही फोनांत सरकत जाणारा एकच लांब स्क्रीनशॉट निघतो. तो फोनवर वाचायला बरा, पण छापायला गेलं की सगळी लांबी एका A4 पानात कोंबली जाऊन मधोमध एक बारीक पट्टी उरते. म्हणून स्क्रीनशॉटच घ्यायचे असतील तर पडद्याएवढे सुटे घ्या, दर वेळी आधीचा शेवटचा निरोप पुन्हा दिसू द्या आणि फायलींना 001, 002 अशी नावं द्या. नुसतं 1, 2 लिहिलं तर काही अ‍ॅप 10 ला 2 च्या आधी बसवतात.

दुसरी वाट एक्स्पोर्टची. चॅटच्या मेनूत `Export chat` निवडून `Include media` म्हटलं की एक मजकूर-फाइल आणि मूळ फोटो मिळतात. अँड्रॉइडवर मजकुरात अशा ओळी दिसतात:

```
12/03/24, 10:41 - मालक: स्वयंपाकघरातला पाइप गळतोय
12/03/24, 10:42 - मालक: IMG-20240312-WA0007.jpg (file attached)
```

इथे फोटोचं नाव त्याच्या जागेवरच लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते या वाटेचं खरं मोल त्यातच आहे. मजकूर गूगल डॉक्समध्ये चिकटवा, फाइलच्या नावाची ओळ शोधा आणि तिच्याखाली तोच फोटो घाला. फोटो नावाच्या क्रमाने एकगठ्ठा घालायचा मोह टाळा. WA नंतरचा आकडा त्या फोनवरच्या सगळ्या चॅटमध्ये मिळून चालतो, आणि एखादा फोटो उशिरा डाउनलोड केला असेल तर त्याचा आकडा पुढचा येऊ शकतो. क्रम मजकुरावरूनच धरायचा.

फोटोची मांडणी `In line` ठेवा. तसं केलं की वर एखादी ओळ वाढली तरी फोटो आपल्या निरोपासोबतच खाली सरकतो. उभ्या फोटोची रुंदी 8 सेंटीमीटर ठेवली तर A4 पानावर दोन फोटो आणि त्यांचा मजकूर नीट बसतो. मग पीडीएफ म्हणून डाउनलोड करा. मजकूर कुठल्या अ‍ॅपमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी `à¤®` असलं काही दिसलं तर फाइल बिघडलेली नसते. ती UTF-8 म्हणून उघडली की अक्षरं जागेवर येतात.

या वाटेच्याही मर्यादा आहेत. कोणत्या निरोपाला उत्तर दिलं ते मजकुरात येत नाही, त्यामुळे नुसतं ‘हो, चालेल’ एवढंच उरतं. फोटोंसह एक्स्पोर्ट केलं तर साधारण शेवटचे 10,000 निरोपच मिळतात. फोनमधून पुसलेले फोटो परत येत नाहीत. समोरच्याने चॅटची प्रगत गोपनीयता सुरू केली असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही.

शंभर फोटो हाताने बसवायला एक दुपार जाते. तरीही दुरुस्तीच्या या चॅटसाठी मी एक्स्पोर्टच निवडेन, कारण इथे फोटो हाच पुरावा आहे आणि तो पूर्ण दिसला पाहिजे. जिथे ‘हो, चालेल’ नेमकं कशाला म्हटलं यावर वाद होऊ शकतो, तेवढ्याच जागांचे स्क्रीनशॉट काढून त्या तारखेखाली घाला. चॅट दोन-चार पडद्यांचीच असेल तर मात्र एक्स्पोर्टच्या भानगडीत पडू नका.

चॅटऐवजी फोटो असलेल्या नोट्सची पीडीएफ करायची असेल तर काम सोपं आहे. आयफोनच्या नोट्समध्ये फोटो मजकुराच्या मधेच असतात, म्हणून शेअरमधून `Print` निवडा, पानांच्या झलकीवर दोन बोटं फाकवा आणि उघडलेली पीडीएफ साठवा. गूगल कीपमध्ये मात्र फोटो टिपणाच्या वरच एकत्र राहतात. तिथला मजकूर डॉक्समध्ये नेऊन फोटो आपल्या हाताने जागी बसवावे लागतात.

चॅटची पीडीएफ झाल्यावर अँड्रॉइडच्या मजकूर-फाइलमध्ये `file attached` किती वेळा येतं ते मोजा. त्यातले व्हिडिओ, आवाजी निरोप आणि फोटो नसलेल्या इतर फायली वजा करून उरलेला आकडा पीडीएफमधल्या फोटोंशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर तारखेनुसार एकेक दिवस ताडून पाहा, सुटलेला फोटो सापडतो.