मूतखडा: गोळी घेऊन वाट पाहायची की दुर्बिणीने काढायचा?

तासगावच्या आमच्या दाजींचा खडा ६ मिमीचा, किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मूत्रनलिकेच्या अगदी खालच्या टोकाला. द्राक्षछाटणी तोंडावर, त्यामुळे प्रश्न पडला.

आधी आकार. ५ मिमीच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, टॅमसुलोसिनच्या गोळीचा फारसा फरक पडत नाही. टॅमसुलोसिन खरं उपयोगी ते खाली अडकलेल्या ५ ते १० मिमीच्या खड्याला, कारण ते नलिकेचे स्नायू सैल करतं. १० मिमीच्या पुढे वाट पाहण्यात अर्थ नाही.

वेळ आणि त्रास बघा. गोळी ०.४ मिग्रॅ, रोज एक, साधारण चार आठवडे. स्वस्त आहे, पण कळ केव्हाही येते आणि एकदम उठलं की चक्कर येते. शिडीवर चढणाऱ्याने जपावं. दुर्बिणीत खडा त्याच दिवशी निघतो, पण खर्च आणि भूल आलीच. शिवाय बऱ्याचदा मूत्रनलिकेत काही दिवस नळी ठेवतात, ती निघेपर्यंत सारखी लघवीला लागते.

थंडी वाजून ताप, लघवी बंद, किंवा इंजेक्शननेही न थांबणारी कळ-उलटी झाली, तर रात्रीच सांगली-मिरज गाठायचं. तापासकट अडलेली किडनी जिवावर बेतते. एकच किडनी असेल, तर वाट पाहायची की नाही हे आधीच डॉक्टरांनी ठरवावं.

कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. लघवी गाळून पाहताना गाळणीत सापडला नाही तर पुन्हा तपासणी हवीच.

दाजींना ताप नाही, दोन्ही किडन्या चांगल्या, तेव्हा गोळी. लांब प्रवास किंवा सुट्टी नसलेली नोकरी असेल, त्याला दुर्बीण सोयीची.