पेशंटला मेसेज पाठवायचा कुठून: एसएमएस, व्हॉट्सअॅप की फोन?

छोटं फिजिओथेरपी क्लिनिक चालवणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी हा प्रश्न येतो. दिवसाला पंधरा-सोळा पेशंट, रिसेप्शनला एक मुलगी, आणि रोज दोन-तीन जण वेळ घेऊन येत नाहीत. मग कोणीतरी बल्क एसएमएसचं पॅकेज विकायला येतं, कोणी म्हणतं व्हॉट्सअॅपवरच पाठवा. मी दोन्ही वापरलंय. माझ्या अनुभवाने या दोन्हींतला खरा फरक एकच आहे: एकाला पेशंट उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याला नाही. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

आधी एसएमएस. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार बल्क एसएमएससाठी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी पोर्टलवर क्लिनिकची नोंदणी करावी लागते, मेसेज पाठवणाऱ्याच्या नंबरऐवजी दिसणारं नाव म्हणजे हेडर घ्यावं लागतं आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात तारीख, वेळ, नाव एवढंच बदलता येतं. साध्या फोनवर, नेट नसतानाही मेसेज पोचतो, हा मोठा फायदा. गावाकडून येणाऱ्या वयस्क पेशंटसाठी तोच मला महत्त्वाचा वाटतो.

पण जागा फार कमी. मराठी एसएमएसमध्ये एकूण ७० अक्षरं बसतात, आणि तीही आपण मोजतो तशी नव्हे. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘उद्या’ हा दोन अक्षरी शब्द पाच जागा खातो. ‘उद्या सकाळी १०.३० ला तुमची फिजिओथेरपीची वेळ आहे.’ या वाक्याच्या ४८ जागा होतात. उरलेल्या २२ मध्ये क्लिनिकचं नाव बसवलं की संपलं. मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणून एसएमएसमध्ये माया ओतायचा प्रयत्नच करू नये. ‘आपल्या निरोगी आयुष्यासाठी आम्ही सदैव तत्पर’ असं लिहायला लागलो की वेळ मागे पडते आणि जाहिरात पुढे येते. नेमकी वेळ नीट सांगणं हीच तिथली आपुलकी.

आणखी एक. आठवणीच्या मेसेजला ‘दहा सेशनवर सूट’ अशी एक ओळ जोडली, तर नियमांच्या नजरेत तो सेवेचा मेसेज राहत नाही, प्रचाराचा होतो. २०२५पासून हेडरच्या शेवटी सेवेसाठी -S आणि प्रचारासाठी -P दिसतं. व्हॉट्सअॅपच्या, पैसे देऊन वापरायच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवरही हीच रेघ आहे, तिथे असा साचा मार्केटिंगमध्ये जातो. मला ही रेघ योग्य वाटते. पॅकेजबद्दल बोलायचं तर समोरासमोर बोलावं.

आता व्हॉट्सअॅप. एवढ्या पेशंटसाठी प्लॅटफॉर्मची गरज नाही, मोफत बिझनेस अॅप पुरतं. त्यातल्या ब्रॉडकास्ट लिस्टवर मात्र विसंबू नका. ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि पोचला तरी तो सगळ्यांना एकच असतो. क्विक रिप्लायमध्ये मजकूर साठवून ठेवायचा आणि नाव व एक ओळ बदलून एकेकाला पाठवायचा. पंधरा मेसेजना वीस मिनिटं लागतात.

ती एक ओळ म्हणजेच सगळा फरक. गुडघ्याचा सांधा बदललेल्या, तिसऱ्या आठवड्यातल्या चौसष्ट वर्षांच्या काकूंचं उदाहरण घ्या. आदल्या संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास त्यांना असा मेसेज जातो: ‘नमस्कार काकू, उद्या सकाळी साडेदहाला भेटूया. गुडघ्याच्या वर सरकवता येईल अशी सैल सलवार घाला. मागच्या वेळी दिलेला टाच सरकवायचा व्यायाम किती वेळा जमला, तेवढं लक्षात ठेवून या.’ ही वेळ मुद्दाम ठरवलेली आहे, कारण त्यांना घेऊन येणारा मुलगा तोवर घरी परततो. पुष्कळदा नंबरही त्याचाच असतो. तसं असेल तर ‘आईंना उद्या साडेदहाला घेऊन याल ना?’ असं लिहायचं.

फोन घरातल्या चार जणांच्या हाती पडतो, म्हणून मेसेजमध्ये आजाराचं नाव नको. लघवीवर ताबा राहत नाही म्हणून येणाऱ्या बाईंना फक्त ‘उद्या चारला भेटूया’ एवढंच पुरे.

व्यायामानंतरच्या चौकशीत व्हॉट्सअॅप एसएमएसच्या कितीतरी पुढे जातं. हेडरवरून आलेल्या एसएमएसला उत्तर देता येत नाही, त्यामुळे त्यात ‘आता कसं वाटतंय?’ विचारणं पोकळ वाटतं. पण व्हॉट्सअॅपवरही हा प्रश्न कुचकामी आहे, कारण सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारावं. काकूंचा गुडघा पहिल्यांदा जोर देऊन वाकवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारते: ‘रात्री दुखण्याने झोपमोड झाली का? आणि पोटरी सुजली किंवा दाबल्यावर दुखते का?’ पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या वेळी व्यायामाचा जोर कमी करायचा. दुसऱ्याचं ‘हो’ आलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचं, कारण ती पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गाठ असू शकते. ताप आला किंवा टाक्यांतून पाणी येत असलं तरी तसंच.

म्हणून चौकशीचा मेसेज फिजिओच्या नजरेखालून जाणाऱ्या फोनवरूनच जावा. रात्री दहाला आलेलं ‘हो’ सकाळी अकरापर्यंत कुणी वाचणार नसेल, तर प्रश्न विचारूच नये. मी चौकशी सकाळी नऊला पाठवते, म्हणजे उत्तरं कामाच्या वेळेत येतात. मेसेजच्या शेवटी ‘संध्याकाळी सहानंतर त्रास झाला तर थेट फोन करा’ हेही लिहिते.

न आलेल्या पेशंटसाठीही हीच पद्धत. ‘आपण आजची अपॉइंटमेंट चुकवली आहे’ हे वाचून माणूस ओशाळतो आणि पुढे येणंच बंद करतो. माझा मेसेज असा असतो: ‘आज तुम्ही दिसला नाहीत. मागच्या वेळेनंतर दुखणं वाढलं का, की यायला सोबत मिळाली नाही? जे असेल ते कळवा, त्याप्रमाणे वेळ किंवा व्यायाम बदलू.’ खांदा आखडलेले पेशंट बहुतेकदा पहिल्या कारणाने थांबतात. दुखलं म्हणजे बिघडलं, असं त्यांना वाटतं. उत्तर आलं नाही तर तीन दिवसांनी एक फोन, त्यानंतर काही नाही. तिसरा मेसेज तगादा होतो.

फोन सगळ्यांत आपुलकीचा, पण रोज सगळ्यांना करायला वेळ नसतो. त्यामुळे तो पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा.

दिवसाला वीसपर्यंत पेशंट असतील तर बल्क एसएमएस घेऊच नका. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप आणि फोन पुरेसे आहेत, आणि साधा फोन वापरणाऱ्या दोन-चार जणांना रिसेप्शनच्या मोबाइलवरून हाताने एसएमएस करता येतो. तीन-चार फिजिओ आणि दिवसाला पन्नासेक पेशंट असतील, तर वेळेची आठवण एसएमएसवर टाका आणि चौकशी ज्या त्या फिजिओकडे व्हॉट्सअॅपवर ठेवा. तेव्हाही चौकशी सगळ्यांची नको. पहिल्या सेशननंतर, व्यायाम बदलल्यावर आणि उपचार संपल्यावर दोन आठवड्यांनी, एवढ्या तीनच वेळा विचारा. त्या शेवटच्या मेसेजमध्ये गूगलवर रिव्ह्यू लिहा असं म्हणायचा मोह होतो. तिथे घरी चालू ठेवायचा एकच व्यायाम लिहून पाठवा.