ग्राहकाला वाक्यं द्यावीत की नुसते प्रश्न?

ब्लाउज शिवणाऱ्या दुकानासाठी ग्राहकाचा मिनिटभराचा व्हिडिओ करायचा, तर दोन वाटा आहेत. बोलायची वाक्यं लिहून ग्राहकाच्या हातात द्यायची, किंवा फक्त प्रश्न ठरवून जायचं आणि उत्तरं तिच्यावर सोडायची.

लिहून दिलेलं साधारण असं ऐकू येतं: "इथे उत्तम फिटिंग, वाजवी दर आणि वेळेवर काम मिळतं." यात खोटं काही नाही, पण ब्लाउजही नाही. शिवाय पाठ केलेलं आठवताना नजर छताकडे जाते आणि ते लगेच कळतं.

प्रश्नांची वाट चांगली, पण प्रश्न कसा आहे त्यावर सगळं. "शिलाई आवडली का?" विचारलंत, तर "हो, छान शिवतात" एवढ्यावर गाडी थांबते. त्याच काकूंना असं विचारून बघा:

"आधीच्या ब्लाउजमध्ये काय खटकायचं?"

"अहो, हात वर केला की ब्लाउजही वर चढायचा. फळीवरचा डबा काढायचा म्हणजे आधी पदर सावरा. मुंढा फार खाली कापलाय, हे इथे आल्यावर कळलं."

"मग इथे काय वेगळं केलं?"

"माप घेताना ताईंनी मला हात वर करायला लावला. म्हटलं, हे काय नवीन! आणि पैठणीच्या कापडाला लगेच कात्री लावली नाही. आधी नुसतं अस्तर कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर बघितलं."

"घरी नेल्यावर काही बदलावं लागलं?"

"मागचा गळा जरा सुटत होता. परत गेले, तर लगेच दुरुस्त करून दिला. पैसे नाही घेतले."

हा तिसरा प्रश्न दुकानदारांना नको असतो. मी तो काढत नाही. नव्या गिऱ्हाईकाच्या मनात नेमकी हीच धास्ती असते. आता काकूंना तोच ब्लाउज घालून हात वर करायला सांगा. ते दृश्य लिहून दिलेल्या दहा वाक्यांना भारी पडतं.

या वाटेला वेळ मात्र जातो. दहा मिनिटांच्या बोलण्यातून एक मिनिट काढायचं, म्हणजे कापाकापी आलीच. प्रश्न विचारणारा आपला आवाज व्हिडिओतून काढून टाकणार असाल तर ग्राहकाला आधीच सांगा, "उत्तर 'आधीच्या ब्लाउजमध्ये' असं सुरू करा," नाहीतर उत्तर अधांतरी राहतं. मशीन आणि पंखा बंद ठेवा. (उन्हाळ्यात हे सकाळीच उरका.)

लिहिलेलं हवंच कधी? ग्राहक कॅमेऱ्यासमोर गारठत असेल किंवा पंधरा सेकंदांचंच काम असेल तेव्हा. तेव्हाही वाक्य आपण रचू नये. आधी फोनवर गप्पा माराव्यात आणि तिच्याच तोंडचं एक वाक्य, "पदर सावरा" सकट, कागदावर उतरवून तिला द्यावं.