नाळेतलं रक्त: बँकेत ठेवायचं की बाळाला जाऊ द्यायचं?

सातव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की नाळेच्या रक्ताच्या बँकेचा फोन बहुधा येतोच. हप्त्यांची सोय, कधी अर्धवट खरी वाटणारी भीती, कधी ‘फक्त या आठवड्यापुरती’ सवलत. स्टेम सेल म्हणजे काय हे आतापर्यंत तुम्ही वाचलं असेलच, म्हणून ते सोडून देतो. प्रश्न एवढाच, की बाळ बाहेर आल्यावर वारेत राहिलेलं रक्त पिशवीत घ्यायचं, की नाळ दोन-तीन मिनिटं तशीच ठेवून बाळाला जाऊ द्यायचं. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही दुसरा मार्ग निवडला. वहिनीने त्याआधी पहिला निवडला होता, त्यामुळे घरातच दोन्ही बाजू बघायला मिळाल्या.

आधी हे रक्त असतं किती ते बघू. जन्माच्या क्षणी बाळाच्या वाट्याच्या रक्तापैकी जवळपास तिसरा हिस्सा वारेत असतो. नाळेला चिमटा लावला नाही तर पुढच्या तीन मिनिटांत त्यातलं ८० ते १०० मिली बाळाकडे जातं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या मिनिटातच. आता ३ किलोच्या बाळाचा हिशोब करा. नवजात रक्ताच्या १०० मिलीत साधारण १६ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं आणि दर ग्रॅमात ३.४ मिलिग्रॅम लोह, म्हणजे पन्नासएक मिलिग्रॅम झालं. सहा महिन्यांनंतर बाळाला रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात मुरायला हवं असतं. म्हणजे त्या पिशवीत दोनेक महिन्यांची बेगमी असते. प्रत्यक्षात सगळंच टिकत नाही. मेक्सिको सिटीतल्या २००६ च्या अभ्यासात नाळ दोन मिनिटं थांबून बांधलेल्या मुलांच्या अंगात सहाव्या महिन्यात सरासरी २७ मिलिग्रॅम लोह जास्त निघालं. तरी महिनाभराची सोय झालीच.

हे लोह लगेच दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कळत नाही. पहिल्या दोन महिन्यांत बाळाचं हिमोग्लोबिन १६-१७ वरून १०-११ पर्यंत उतरतं. ते नैसर्गिकच आहे, घाबरू नये. जास्तीच्या लाल पेशी मोडतात आणि त्यांतलं लोह साठ्यात जाऊन बसतं. पुढे बाळ झपाट्याने वाढतं. पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. वजनाबरोबर रक्तही वाढवावं लागतं, आणि त्याचा कच्चा माल याच साठ्यातून येतो. आईच्या दुधातलं लोह पचायला उत्तम, पण लिटरमागे जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. निम्मं मुरलं असं धरलं तरी दिवसाचं ०.१. सहाव्या महिन्याच्या आसपास साठा तळाला जातो आणि नेमक्या तेव्हाच आपण बाळाला पेज आणि वरणाचं पाणी सुरू करतो!

आमच्याकडे सगळी भिस्त नाचणीच्या सत्त्वावर. नाचणी चांगलीच, पण २५ ग्रॅम नाचणीत लोह एखादा मिलिग्रॅम, आणि धान्यातलं फायटेट लोह अडवून धरतं, त्यामुळे त्यातला विसावा हिस्सा मुरला तरी पुष्कळ. म्हणजे गरजेच्या दहाव्या भागालाही पुरत नाही. त्यात सातव्या महिन्यातच गाईचं दूध बाटलीने सुरू केलं, की त्यात लोह जवळपास नाहीच, वर पोट भरल्यामुळे बाळ बाकीचं खात नाही. म्हणून अॅनिमिया सहा ते बारा महिन्यांत डोकं वर काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, ती सगळीच काही गरिबाघरची नव्हती.

आता बँकेची बाजू, प्रामाणिकपणे. घरात आधीच थॅलेसेमिया मेजर किंवा रक्ताच्या कर्करोगाचं मूल असेल आणि डॉक्टरांनी भावंडासाठी रक्त राखायला सांगितलं असेल, तर पुढचं वाचूच नका, साठवा. मात्र ‘याच बाळाला पुढे उपयोगी पडेल’ हा दावा पोकळ वाटतो. जनुकीय आजार असेल तर तोच दोष साठवलेल्या पेशींतही असतो. स्वतःसाठी साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही असं आयसीएमआरनेही म्हटलं आहे.

तरीही मी कदाचित पैसे भरले असते. बिनसलं एका साध्या प्रश्नावर. बँकेच्या माणसाला विचारलं, “नाळ किती वेळाने बांधणार?” तो म्हणाला, “सर, ते डॉक्टर ठरवतात.” डॉक्टर मॅडमना विचारलं तर, “बँकेचं किट आहे ना, त्यांना किती रक्त लागतं ते विचारा.” पुन्हा फोन केला. “एक मिनिट थांबलात तरी चालतं, सर, पण पिशवी भरली नाही तर पेशी कमी मिळतात, मग आमची जबाबदारी नाही.” पैसे घेणारा आणि चिमटा लावणारा, दोघांपैकी कुणीच वेळ सांगेना. रक्त एकच आणि गिऱ्हाइकं दोन, हे कुणी तोंडाने म्हणत नव्हतं इतकंच. त्या टोलवाटोलवीला कंटाळून मी फॉर्म परत केला.

पुढचं मोजमाप नव्हे, घरचा अनुभव. दहाव्या महिन्यात पुतण्याचं हिमोग्लोबिन ९.१ आलं. आमच्या मुलीचं नवव्या महिन्यात ११.४. पुतण्याला गाईचं दूध लवकर सुरू झालं होतं, त्यामुळे सगळं खापर पिशवीवर फोडणं बरं नाही. पण नंतर त्याला तीन महिने लोहाचे थेंब पाजताना वहिनीची जी दमछाक झाली, ती मी पाहिली आहे. अर्धं औषध लाळेऱ्यावर, काळी शी, बद्धकोष्ठ, आणि चमचा दिसला की तोंड घट्ट मिटलेलं.

थांबण्याचेही तोटे आहेत. कावीळ थोडी वाढते, उजेडाखाली ठेवावं लागणाऱ्या बाळांचं प्रमाण किंचित जास्त असतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ दाखवाच. बाळ रडलंच नाही, त्याला श्वास द्यायचा असेल किंवा वार आधीच सुटली असेल, तर थांबण्याचा हट्ट धरू नये. सिझेरियनमध्येही मिनिटभर थांबता येतं. बाळाला वारेच्या खाली धरावं लागतं असं पूर्वी सांगत, पण अर्जेंटिनातल्या २०१४ च्या चाचणीत नॉर्मल बाळंतपणानंतर आईच्या पोटावर ठेवलेल्या बाळांनाही तेवढंच रक्त मिळालं.

आणि थांबलात म्हणून सहाव्या महिन्यानंतरचं औषध सुटत नाही. अंगणवाडीतून आठवड्याला दोनदा मिळणारं १ मिली लोह-फॉलिक सिरप आमच्या मुलीलाही दिलं. नाचणीवर लिंबू पिळलं, अंडं लवकर सुरू केलं. आईचंच हिमोग्लोबिन कमी असेल किंवा बाळ वजनाने लहान असेल, तर माझ्या मते थांबण्याकडे पारडं आणखी झुकतं. मेक्सिकोतही जास्त फायदा लोह कमी असलेल्या आयांच्या आणि वजनाने लहान बाळांनाच झाला होता.

ठरवलंत तर आठव्या महिन्यातच मॅडमकडून फाइलच्या पहिल्या पानावर ‘नाळ १ ते ३ मिनिटांनी’ असं लिहून घ्या. रात्री दोन वाजता ड्यूटीवर बहुधा दुसरेच डॉक्टर असतात, आणि तुमचं आधीचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं.